रोख कुठे गेली? परळच्या वाचकाला उत्तर

“तुमचा लेख दिशाभूल करणारा आहे. माझ्या स्टेटमेंटवर त्या दुकानात सरळ १,६४० रुपयांची खरेदी दिसते, रोख कुठेच नाही. वर १० रुपये कापले. दुकानदार आणि बँक मिळून लुटतात आणि तुम्ही त्यांची वकिली करता. मुंबईत ही सोय कुणी देतही नाही.” – एक वाचक, परळ

दुकानात कार्डाने खरेदी करताना त्याच मशीनवरून रोखही घेता येते, यावर मी लिहिलं होतं. हे पत्र त्याच लेखावर आलंय. ‘वकिली’ हा शब्द जिव्हारी लागला, म्हणून आधी त्याबद्दल. निवृत्त होईपर्यंत मी बँकेच्या कार्ड विभागात ग्राहकांच्या तक्रारीच हाताळल्या, आणि त्यातल्या बहुतेक बँकेविरुद्धच्या होत्या. शंका हव्या तेवढ्या विचारा, पण ओळख ना पाळख, समोरचा विकला गेलाय असं धरून बोलू नका. लेख लांबला आणि मुद्दा फार उशिरा आला, एवढं मान्य.

रोख वेगळी दाखवायचं बंधन पावतीला आहे. खरेदीबरोबर रोख घेतली तर पावतीवर ती रक्कम स्वतंत्र छापलेली हवी, असं रिझर्व्ह बँक सांगते. तुमच्या पावतीवर खरेदी ६४०, रोख १,००० आणि एकूण १,६४० असं असायला हवं. मशीन मात्र बँकेला एकच व्यवहार पाठवतं. मंजुरीसाठी एकूण रक्कम जाते आणि रोखीचा आकडा त्याच निरोपात वेगळ्या रकान्यात जातो. खात्यातून एकदाच १,६४० वजा होतात आणि बऱ्याच बँका स्टेटमेंटवर दुकानाच्या नावापुढे तेवढाच आकडा छापतात.

तुम्ही ज्याला लूट म्हणता ते १० रुपये बँकेने घेतलेत. रोख काढण्यावर बँक जास्तीत जास्त १ टक्का आकार लावू शकते, आणि १,००० चा १ टक्का १० च होतो. म्हणजे तुमची रोख बँकेला वेगळी कळलेली होती. सगळे १,६४० नुसती खरेदी म्हणून गेले असते तर हा आकार लागलाच नसता. स्टेटमेंट जरा शांतपणे वाचलं असतंत तर हे तुम्हालाही दिसलं असतं.

खरी भीती वेगळीच आहे. घाईत गल्ल्यावरचा माणूस सगळे १,६४० खरेदीत टाकतो आणि पाचशेच्या दोन नोटा हातावर ठेवतो. पावतीवर रोखीची ओळच येत नाही. पुढे पैशांवरून वाद झाला तर रोख दिली-घेतली याची नोंद कुठेच सापडत नाही. म्हणून काउंटर सोडण्याआधी ती ओळ बघा आणि पावतीचा फोटो काढा, कारण त्या कागदावरची छपाई काही महिन्यांत उडते.

“कुणी देत नाही” हे तर तुमच्याच अनुभवाने खोटं ठरलंय. बँकेने नेमलेली दुकानंच देतात, आणि सोय व आकार दोन्ही दर्शनी लावणं त्यांना बंधनकारक आहे. तरीही तक्रार असेल तर दुकानात भांडू नका, कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.