लोणच्याचे पैसे कमी करा ना भो

भुसावळच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, म्हणून बरीचशी अ‍ॅपं एकत्र मिळणारा २९९ रुपये महिन्याचा पास आमच्याकडे आहे. त्यातलं कोरियन मालिकांचं अ‍ॅप कुणीच बघत नाही. बायको म्हणाली, तेवढं काढून टाका, पैसे वाचतील. वाक्य सोपं होतं.

आधी त्या अ‍ॅपमध्येच गेलो. तिथे खातं माझं, नाव माझं, पण कॅन्सलचं बटणच नाही, नुसतं लिहिलेलं की तुमचं बिल पार्टनरकडून होतं, तिकडे जा. बरोबरच आहे म्हणा, पैसे त्यांनी आपल्याकडून घेतलेलेच नाहीत, पासवाल्यानं घेतलेत. पोराने मधेच ते अ‍ॅप अनइन्स्टॉल करून "झालं" म्हणून जाहीर केलं. त्यानं मोबाईलमधली जागा मोकळी झाली, पास तसाच.

मग पासवाल्याकडे गेलो तर तिथे एकच बटण, सगळा पास बंद. कस्टमर केअरवाली ताई फार गोड बोलली पण पॅकमधलं एक अ‍ॅप वेगळं निघत नाही म्हणे, पुढच्या रिन्यूअलला लहान पॅक घ्या. हे खानावळीसारखं आहे भो, थाळीतलं लोणचं खाल्लं नाही म्हणून पैसे कमी होत नाहीत, पण वरून मागवलेली शेवभाजी मात्र बिलात वेगळी लागते आणि ती उद्यापासून बंदही करता येते.

आता ही शेवभाजी ओळखायची कशी? 'माय प्लॅन' मध्ये बघा, ज्या अ‍ॅपला स्वतःची किंमत आणि स्वतःची रिन्यूअलची तारीख आहे ते अ‍ॅड-ऑन, ते एकटं निघतं. आमच्याकडे अशी एक ९९ रुपयांची निघाली, मेहुण्याने सुट्टीत आला तेव्हा क्रिकेटसाठी जोडलेली! मेहुणा गेला, ९९ राहिले.

तेवढ्यात शेजारचे काका म्हणाले, कशाला डोकं लावतो, यूपीआयमधला ऑटोपे रद्द कर. केला असता, पण पासमधल्या सगळ्या अ‍ॅपांना मिळून मँडेट एकच, तो तोडला की पुढच्या महिन्यात अख्ख्या पासचे पैसे जाणार नाहीत, म्हणजे आईची सिरीयलपण गेली. त्यांचं एक मात्र खरं, पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज येतो, त्यात रक्कम असते. आमच्याकडे २९९ नि ९९ चे दोन वेगळे मेसेज येत होते आणि सगळ्यांनी ते जाहिराती समजून उडवलेले.

अ‍ॅड-ऑन बंद केलं. भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत ते चालूच राहणार होतं. स्क्रीनवर शेवटची तारीख बघून आई म्हणाली, "काय व्हयनं रे भो, पैसे भरेल हायेत ना, मग बघा!" आणि जिला चौकार नि षटकार यातला फरक माहीत नाही ती माझी आई सध्या रोज रात्री मॅच लावून बसते.