कर्ज काढून क्रिप्टो करच बाळा

प्रिय बाळा,

लोनचा फॉर्म पाहिला. जामीनदाराच्या जागी माझं नाव आधीच लिहून ठेवलंयस, तेवढेच माझे कष्ट वाचवलेस. आता कर्ज काढतोच आहेस तर नीट काढ, अर्धवट कामं मला आवडत नाहीत.

एक लाख घे, १५ टक्क्यांनी, दोन वर्षांसाठी. हप्ता साधारण ४,८५० बसतो, मी वहीत मांडून पाहिला. पण ते एक लाख नुसते बिटकॉइनमध्ये टाकू नकोस हां, ते भित्र्या माणसांचं काम. तू फ्युचर्समध्ये १० एक्स लिव्हरेज लाव. म्हणजे लाख तुझे (म्हणजे बँकेचे) आणि पोझिशन दहा लाखांची. उधारीवर उधारी! आपल्या घराण्यात एवढी झेप आजवर कोणी घेतली नव्हती.

आता भाव १० टक्के वर गेला की पैसे डबल, हे तू मला जेवताना तीनदा सांगितलंस. खाली गेला तर काय, ते विचारलं तर फोन वाजला तुझा. मग मीच वाचलं. साधारण साडेनऊ टक्के पडला की एक्सचेंज पोझिशन आपोआप बंद करतं, लिक्विडेशन म्हणतात त्याला, आणि तुझी मार्जिन, म्हणजे ते लाख, संपली. किती सोय बघ, रात्री तीनला तू झोपलेला असलास तरी उठवत नाहीत.

आणि भाव नुसता जागेवर बसून राहिला तर फंडिंग आहेच, म्हणजे पोझिशन उघडी ठेवायचं भाडं. दर आठ तासांनी ०.०१ टक्के, ऐकायला काहीच नाही, पण ते लाखावर नाही रे, दहा लाखांवर. दिवसाचे ३००, महिन्याचे ९,०००, म्हणजे काहीही न घडता हप्त्याच्या जवळपास दुप्पट. रेट बदलत असतो, कधी उलट मिळतातही, पण सगळे तुझ्यासारखे तेजीत असले की तेजीवालेच भरतात.

"पडलं तर होल्ड करीन, परत वर येतंच" असं म्हणालास. येतं की! १९ मे २०२१ ला बिटकॉइन साधारण ४३ हजार डॉलरवरून ३० हजारांपर्यंत आपटला आणि त्याच दिवशी बराचसा सावरलाही. ज्यांनी स्वतःच्या पैशाने घेऊन ठेवला होता त्यांनी रात्री हुश्श केलं. १० एक्सवाले ३९ हजारांच्या आसपासच बाहेर फेकले गेले होते, वर येताना बघायला मात्र फुकट. होल्ड करायला हातात काहीतरी लागतं ना? हातात उरतो हप्ता, तो बरोब्बर २४ महिने होल्ड होतो, त्याला कोणी लिक्विडेट करत नाही.

तर फॉर्म टेबलावर ठेवलाय. सही करणारच होतो, पण चष्मा सापडत नाहीये, आणि हल्ली मी तो शोधतही नाही फारसा.

तुझा,
बाबा