शिव्यांची यादी लावली आणि गांडूळ खत गायब झालं

"सर्च बॉक्समध्ये टाइप करताना खाली घाण सूचना येतात? तीन ओळींचं काम आहे. शिव्यांची यादी लावा, ती अक्षरं दिसतील ते सगळं उडवा. पन्नासपेक्षा कमी वेळा शोधलेलं दाखवूच नका. राहिलेलं तक्रार आली की काढा."

सोलापुरातल्या दुकानदारांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज माझ्या आतेभावापर्यंत पोहोचला. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे आणि खतं, औषधं, ठिबकचं सामान तो वेबसाइटवरूनही विकतो. त्याच्या मुलाने मेसेजात लिहिलंय ते जसंच्या तसं केलं. आता शेतकऱ्याने "गां" टाइप केलं की गांडूळ खत नाही, गांडूळ कल्चर नाही, काहीच येत नाही. ज्या शिवीसाठी हा खटाटोप केला तिची अक्षरं "गांडूळ"मध्ये आहेत. रोमन लिपीत gandul टाइप करणाऱ्याचंही तेच होतं.

यावर उत्तर येतं, "मग पूर्ण शब्द जुळला तरच उडवा." बरोबर आहे, पण ते इंग्रजीच्या सवयीने केलं तर मराठीत फसतं. पायथॉनमध्ये शब्दाची हद्द `\b` ने धरतात:

```python
re.search(r'\bगांड\b', 'गांडूळ खत')
```

हे जुळतं! कारण पायथॉनच्या `re` ला काना, मात्रा, उकार, अनुस्वार ही अक्षरं वाटतच नाहीत. "ड"नंतरचा ऊकार आला की त्याच्या लेखी शब्द संपला. त्यामुळे मराठीत सूचना मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडायची आणि प्रत्येक तुकडा यादीतल्या शब्दाशी अख्खा ताडून बघायचा. त्याआधी दोन्हीकडचं युनिकोड एकसारखं करून घ्यायचं आणि मध्ये लपलेली न दिसणारी जोडचिन्हं काढायची, नाहीतर खरी शिवी त्यातून निसटते.

एवढं करूनही "डाळिंब मर रोग" टिकत नाही. कुणीतरी यादीत धमकीचा शब्द म्हणून "मर" घातलेला असतो आणि इथे तो पूर्ण शब्दच आहे. ज्या जिल्ह्यात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे झाडं उभ्या उभ्या वाळणाऱ्या रोगाचं नावच सूचनेत दिसत नसेल तर तो शोध कशाला ठेवायचा? असे शब्द एकटे तोलायचेच नसतात. "मर"शेजारी "रोग" असेल तर सूचना राहू द्यायची, माणसाचं नाव असेल तर अडवायची.

पन्नासच्या अटीने तर जास्त नुकसान होतं. किती जणांनी शोधलं यावरून शब्द सभ्य की असभ्य हे कळत नाही. गावातल्या कुणाची बदनामी पसरली की तोच शोध एका संध्याकाळी शेकड्याने होतो आणि अट सहज ओलांडतो. मागे राहतो तो एखाद्या ठिबकच्या दुर्मीळ भागाचा शोध, जो वर्षात मोजकीच माणसं करतात. त्या अटीत थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो: एकाच माणसाने टाइप केलेल्या ओळीत त्याचा फोन नंबर किंवा कुणाचं खासगी नाव असू शकतं, ते इतरांना दाखवणं चूकच. पण त्यासाठी वेगवेगळी माणसं मोजायची, एकूण वेळा नाही, आणि अट लहान ठेवायची. सूचनेतले सगळे शब्द दुकानाच्या मालाच्या यादीत किंवा रोगांच्या नावांत असतील आणि शोधल्यावर माल सापडत असेल, तर ती एकदाच शोधलेली असली तरी दाखवावी. ती नावं दुकानाचीच आहेत, त्यात कुणाचं गुपित नसतं.

तक्रारीचा मुद्दा निम्मा खरा आहे. 14 मे 2013 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने गूगलविरुद्ध याच विषयावर निकाल दिला. एका उद्योजकाचं नाव टाइप केलं की पुढे "सायंटॉलॉजी" आणि "फसवणूक" असे शब्द सुचत होते. न्यायालय म्हणालं की प्रत्येक सूचना आधीच तपासण्याची सक्ती नाही, पण हक्क मोडतोय हे कळवल्यावर जबाबदारी येते. म्हणजे तक्रारीची सोय हवीच. पण त्या दोन शब्दांत शिवी कुठे आहे? कोणत्याही शिव्यांच्या यादीने ती सूचना थांबली नसती. म्हणून माणसाच्या किंवा जातीच्या नावापुढे आरोपाचा शब्द येत असेल, तर ती जोडी तक्रारीची वाट न बघता अडवावी. अडवायची ती फक्त सूचना. कुणी स्वतः पूर्ण टाइप करून शोधलं तर निकाल दाखवावेत.

आतेभावाच्या मुलाला मी आता एक दुसरी यादी करायला लावली आहे, जगलेच पाहिजेत अशा शोधांची: गांडूळ खत, gandul khat, डाळिंब मर रोग, ग्राहकांमधलं "झवेरी" आडनाव. शिव्यांच्या यादीत नवा शब्द घालण्याआधी ती सगळी फिल्टरमधून चालवायची. त्यातलं एकही पडलं, तर तो शब्द तसाच यादीत जात नाही, आधी त्याच्यासोबतचे शब्द बघणारा नियम लिहायचा.