सलाईनचा हात सुजला, तर आधी बाटली बंद करा

"सलाईन लावलेला हात सुजला तर घाबरू नका. थेंब हळू करा, गरम पाण्यानं शेका आणि जोरात चोळा. नळीत रक्त परत येत असेल तर सुई शिरेतच आहे, बाटली पूर्ण जाऊ द्या. सलाईन अडली तर सिरिंजनं जोरात दाबून मोकळी करा."

वरच्या मजकुरातले हे सल्ले पाळू नका, ते धोक्याचे आहेत. सुरुवात सुजेपासूनच करू. हात सुजण्याची नेहमीची कारणं दोन, आणि ती बोटांना कळतात. कातडी थंड, फिकट, ताणलेली लागली आणि थेंब मंदावले, तर पाणी शिरेबाहेर मांसात उतरतंय. हे इन्फिल्ट्रेशन. जागा लाल, गरम, हात लावताच दुखणारी असेल आणि शीर दोरीसारखी टणक लागत असेल, तर शिरेला सूज आली आहे. हे फ्लेबायटिस. दोन्ही हात शेजारी ठेवून पाहा, पट्टीखाली लपलेली सूजही दिसते. दोन्हींत पहिलं काम एकच, नळीवरचा रोलर क्लॅम्प बंद. थेंब हळू केल्यानं पाणी मांसात जायचं थांबत नाही, फक्त उशिरा जातं.

फ्लेबायटिसमध्ये शिरेत बसवलेली बारीक नळी, म्हणजे इंट्राकॅथ, काढून दुसऱ्या हाताला नवी लावायची. मग कोमट शेक चालतो, पण चोळायचं नाही, कारण त्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. पू दिसला किंवा ताप आला तर लगेच मेडिकल ऑफिसरांना सांगायचं. साध्या नॉर्मल सलाईनचं इन्फिल्ट्रेशन असेल तर इंट्राकॅथ काढा, हात उशीवर उंच ठेवा, सूज बहुतेकदा आपोआप उतरते.

पण बाटलीत काय आहे, हे पाहिल्याशिवाय शेक द्यायचा नाही. समजा ग्रामीण रुग्णालयात रात्री मधुमेहाच्या गोळ्या घेणारे एक काकाजी आले, उपाशीपोटी शेतात राबून साखर उतरलेली. २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलिलिटरची बाटली मनगटामागच्या शिरेत चालू केली. निम्मी गेली आणि ते म्हणाले, "सिस्टर, हात लय झोंबून राहिला." हे द्रावण रक्ताच्या चौपटीहून जास्त तीव्र असतं. बाहेर पडलं की भोवतालचं पाणी ओढून घेतं आणि मांस जाळू शकतं. इथे इंट्राकॅथ घाईनं उपटायची नाही. बाटली बंद करून सेट सोडवा, लहान सिरिंज लावून जेवढं परत येईल तेवढं हलक्या हातानं ओढून घ्या, त्यात काहीही ढकलू नका, आणि मगच ती काढा. सुजेची कड पेनानं आखून शेजारी वेळ लिहा. नखं दाबून सोडा, रंग दोन-तीन सेकंदांत परतायला हवा. बोटं बधिर झाली, गार पडली किंवा हलवताना असह्य दुखलं, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवायचं. काकाजींची साखर मात्र अजून कमीच आहे, म्हणून हे चालू असतानाच दुसऱ्या कोणी दुसऱ्या हाताला नवी लाइन लावून उरलेलं डेक्स्ट्रोज द्यावं आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी.

कॅल्शियम, पोटॅशियम, फेनिटॉइन यांनाही हीच खबरदारी. शेक गरम की थंड, हे औषधावर ठरतं. नॉरॲड्रेनालिन किंवा डोपामिन बाहेर गेलं असेल तर थंड पट्टी नको, त्या औषधांनी रक्तवाहिन्या आधीच आवळलेल्या असतात. म्हणून डॉक्टरांना फोन करताना औषधाचं नाव आणि अंदाजे किती आत गेलं, ते आधी सांगा.

रक्त परत येण्यावर तर अजिबात विसंबू नका. इंट्राकॅथचं टोक शिरेत असतं, पण लावताना शिरेला दुसरं छिद्र पडलेलं असेल तर रक्तही येतं आणि पाणीही झिरपतं. त्यापेक्षा टोकाच्या थोडं वर, खांद्याच्या दिशेला, शीर बोटानं दाबून ड्रिप चेंबर पाहा. टोक शिरेत असेल तर थेंब थांबतात किंवा मंदावतात. दाबूनही तसेच पडत राहिले, तर पाणी मांसात जातंय. सूज असेल तर या तपासणीतही वेळ घालवू नका.

अडलेल्या सलाईनला सिरिंजचा जोर लावणं आमच्या मते वरच्या मजकुरातला सगळ्यात वाईट सल्ला आहे. टोकाशी रक्ताची गुठळी असेल तर ती पुढे ढकलली जाते, आणि सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, त्यानं शीरही फाटू शकते. आधी साध्या गोष्टी पाहा: क्लॅम्प बंद आहे का, नळी अंगाखाली दबली का, कोपर वाकलं का, बाटली खाली आली का. मे महिन्याच्या घामानं चिकटपट्टी सुटून इंट्राकॅथ सरकलेली असते, हे आपल्याकडे फार होतं. सगळं ठीक असेल तर १० मिलिलिटरच्या सिरिंजनं हळू ओढून पाहा. तरी अडतं? काढा आणि नवी जागा शोधा, पण त्याच हातावर जुन्या जागेच्या खाली नको.

केसपेपरवर वेळ, जागा, इंट्राकॅथचा रंग आणि काय केलं ते लिहा. सुट्टी देताना घरच्यांना सांगा की इंट्राकॅथ काढल्यावर दोन दिवसांपर्यंतही शीर सुजू शकते. लाल रेघ वर चढताना दिसली, फोड आला किंवा कातडी काळी पडू लागली, तर मलम लावत घरी बसू नका, त्याच दिवशी परत या.