डावीकडून घुसणाऱ्यांनो, जरा दम धरा

सिंहगड रोडला संध्याकाळी ट्रॅफिक तुंबलं, की बसच्या डावीकडून बाईक घालणाऱ्यांचं करायचं काय? ओव्हरटेक उजवीकडून करायचा, हे लायसन्स काढताना सगळ्यांनी घोकलेलं असतं. अहो, गाड्या थांबल्यात तोवर एक वेळ ठीक. बस डावीकडे वळायला लागली की तिचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून येतं आणि फुटपाथलगतची फट मिटत जाते. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही! काल एकाचं हँडल कारच्या आरशाला अडकलं, पाय टेकवायला जागा नाही, गाडी आडवी. उठून ओरडला कुणावर? रिक्षातून उतरणाऱ्या आजींवर! वर मागचे हॉर्न मारतात, "काका, घ्या की पुढे!" कुठे घेऊ, बसखाली?