सराफाला पत्र लिहिताय? त्याला त्रास होणार नाही असं लिहा

बिलावर २२ कॅरेट आहे आणि बाहेर टंच काढला तर २१च निघाला, असं झालं असेल तर आधी त्या बिचाऱ्या सराफाचा विचार करा. दिवसभर गादीवर बसायचं, संध्याकाळी शटर पाडलं की आमच्या इंदूरच्या सराफ्यात पायरीवर गराडूवाला येऊन कढई मांडणार, त्याच्याशी भांडायचं, आणि त्यात तुमचं पत्र. त्याला फार वाचायला लागू नये, हिशोब तर मुळीच करायला लागू नये, असं पत्र कसं लिहायचं ते सांगतो. अनुभव आहे, आमच्या रामबागेतल्या आत्याने अगदी असंच लिहिलं होतं.

आत्याच्या दोन पाटल्या, मिळून ४० ग्रॅम. नातीच्या लग्नात मोडून हार करावा म्हणून ती दुसऱ्या दुकानात गेली तर तिथला पोरगा मशीनमध्ये ठेवून म्हणाला, काकू, हे बावीस नाहीये. झालं. रात्रभर जागून आत्याने चार पानं लिहिली. पहिल्या पानावर आमच्या काकांचा आणि शेटजींच्या वडिलांचा स्नेह, दुसऱ्यावर तीन पिढ्यांचा विश्वास, तिसऱ्यावर देव बघतोय, चौथ्यावर सही. चार पानांत एकही आकडा नव्हता, वजन नाही, तारीख नाही, बिल नंबर नाही. आदर्श पत्र! शेटजींनी डोळ्यांत पाणी आणलं, चहा पाजला, आणि "बघतो हं काकू" म्हणाले. दीड महिना बघत होते.

तर पहिला सल्ला असा की पुरावा म्हणून त्या दुसऱ्या दुकानातल्या मशीनचीच चिठ्ठी जोडा. ती मशीन म्हणजे एक्सआरएफ, किरण मारून फक्त वरचा थर वाचते, केसाच्या जाडीइतकीही आत जात नाही. वर मुलामा असेल तर आकडा चढतो, डाख लावलेल्या जागी नेम बसला तर उतरतो. आत्याच्या एकाच पाटलीवर एका जागी २०.१ आला आणि बोटभर सरकवून ठेवली तर २१.६. शिवाय चिठ्ठी देणाऱ्याला तुमचं सोनं मोडीत स्वस्तात घ्यायचंय, हे तुमचा सराफ लगेच सांगेल, आणि खरंच सांगेल. चिठ्ठीवर पाटलीचं वर्णन नाही, वजन नाही, आणि दोन महिन्यांत तर अक्षरंच उडून जातात. सराफाला याच्याहून सोयीचा पुरावा मिळणार नाही.

चुकूनही भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, मान्यता असलेल्या हॉलमार्किंग सेंटरला जाऊ नका. तिथे कुणीही साधा गिऱ्हाईक आपला दागिना तपासून घेऊ शकतो, २०२२ साली बीआयएसने त्याचा दर ठरवला तो चार नगांपर्यंत २०० रुपये, म्हणजे सराफ्यात रात्री चौघांनी खाल्लं तरी याहून जास्त होतात. आणि तिथे गेलातच तर "फायर असे" मागू नका (यातलं असे म्हणजे असे-तसे मधलं नाही, परीक्षेचं नाव आहे). त्यात दागिन्यातून चिमूटभराहून कमी सोनं खरवडून तोलतात, त्यात चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत घालतात, शिसं तांबं वगैरे सगळं ज्या छोट्या सच्छिद्र वाटीत हे ठेवतात तिच्यात जिरून जातं, उरलेला मणी चेपून नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकला की चांदीही निघून जाते आणि जे शिल्लक राहतं ते सोनं, ते परत तोलायचं. यात सराफाला बोलायला फार काही उरत नाही. तो एवढंच म्हणू शकतो की डाखाजवळचं खरवडलं असेल, म्हणून नमुना जोडापासून लांबचा घ्या आणि रिपोर्टमध्ये तसं लिहून घ्या, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. खरवडण्याआधीचं आणि नंतरचं वजनही लिहून घेऊ नका.

दुसरा सल्ला, पत्र पाठवायच्या आधी पाटल्या वितळवून टाका, किंवा "आम्ही आमच्याकडे चेक करून घेतो" शेटजी म्हणाले की बिनपावतीच्या देऊन या, सोबत ओरिजिनल बिलही. लगडीला कुणाचं नाव नसतं. पाटलीला मात्र असतं, आतल्या बाजूला भिंग धरून बघितलं तर आधी बीआयएसचा त्रिकोण, मग 22K916, आणि मग अक्षरं आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी, लेझरने इतका बारीक कोरलेला की आत्याला तो ओरखडा वाटला होता. दोन पाटल्यांचे दोन वेगळे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये Verify HUID मध्ये तो टाकला की नग कोणता, शुद्धता किती, कोणत्या सेंटरला हॉलमार्क झाला ते येतं. तिथे पाटलीच्या जागी अंगठी दिसली तर खूण दुसऱ्याच दागिन्याची उचललीये, पण हे सगळं पत्रात लिहिलं तर सराफाची झोप उडेल, नको.

आणि हिशोब तर अजिबात मांडू नका. आत्याच्या भाच्याने, म्हणजे मी, ही चूक केली. सेंटरचा रिपोर्ट आला ८७५चा, म्हणजे हजारात ८७५ भाग सोनं. हॉलमार्क ९१६चा, आणि ९१६च्या खाली थोडंफार चालतं अशी सूट नसते. ४० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं हवं ३६.६४ ग्रॅम, होतं ३५. तूट १.६४ ग्रॅम. बिलात २२ कॅरेटचा भाव ९,१६० रुपये ग्रॅम, म्हणजे शुद्धाचे १०,०००, तर तुटीचे झाले १६,४००. आता बीआयएस नियम २०१८ मधला ४९ क्रमांकाचा नियम म्हणतो की हॉलमार्कपेक्षा शुद्धता कमी निघाली तर तुटीच्या फरकाची दुप्पट आणि तपासणीचा खर्च, म्हणजे ३२,८०० अधिक २००, बरोब्बर ३३,०००. घडणावळ १२ टक्क्यांनी पूर्ण भावावर घेतली होती, ती यात येत नाही, ती वेगळ्या ओळीत मागितली.

(पाटलीच्या अंगावर शिक्का २० कॅरेटचा 20K833 आणि बिलात मात्र २२ असं असेल तर ही दुप्पट धरून बसू नका, तिथे शिक्का खरा आणि बिल खोटं, ते प्रकरण ग्राहक आयोगाचं. त्याला दोन वर्षांची मुदत असते, तेवढी "बघतो हं काकू" मध्ये सहज निघते.)

नवीन पत्र एक पानी झालं, बिल नंबर, तारीख, वजन, दोन्ही एचयूआयडी, रिपोर्टची झेरॉक्स, ३३,०००, १५ दिवस, रजिस्टर पोस्टाने. स्नेह, विश्वास, देव, सगळं गेलं. आत्याला फार कोरडं वाटलं, तिने खाली "घरी सर्वांना नमस्कार" हाताने लिहिलंच.

चौथ्या दिवशी शेटजी स्वतः आले, हातात कचोरीचा पुडा. काकू, पत्र कशाला, फोन करायचा, आणा पाटल्या, बदलून देतो. आत्याने प्लेट मांडल्या, कचोरी वाढली, आणि म्हणाली, पाटल्या भाच्याच्या लॉकरमध्ये आहेत, तुम्ही चेकवर नाव लिहिताना स्पेलिंग विचारून घ्या, मागच्या बिलात चुकलं होतं.