सांबारात चिंच किती? ग्रॅम, कोळ आणि चमचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, २० ग्रॅम चिंच वगैरे लिहून काय उपयोग? स्वयंपाकघरात काटा घेऊन कोण बसतं? सरळ किती चमचे कोळ घालायचा ते लिहा ना. मी नेहमीसारखा लिंबाएवढा गोळा घेतला, घरचीच बरणीतली चिंच आहे, वाटीभर पाण्यात भिजवून सगळा कोळ घातला. डाळ अर्धी वाटी, टोमॅटो दोन. सांबार इतकं आंबट झालं की गूळ घालून घालून शेवटी त्याची आमटी झाली. रेसिपी टेस्ट करून टाकत जा."

उत्तर:

तुम्ही काय काय घेतलं ते नीट लिहिलंत ते फार बरं झालं, कारण त्यावरनं गडबड कुठं झाली ते बरोबर सांगता येतंय. रेसिपी टेस्ट केलेली आहे आणि ग्रॅम मी मुद्दाम लिहिलेत, का ते सांगते.

आधी तो गोळाच बघू. तमिळ घरांत चिंच आवळ्याएवढी किंवा लिंबाएवढी अशीच सांगतात आणि तिथं ते चालतं, कारण सांगणारीचा आणि ऐकणारीचा हात एकाच घरात तयार झालेला असतो, रोज तीच चिंच तीच बरणी. आपण मात्र वाचून करतो आणि तिथं घोळ होतो, कारण गोळा दिसायला जरासाच मोठा असला तरी वजनाला खूप वाढतो. ३ सेंटीमीटर रुंदीचा, दाबून गच्च केलेला चिंचेचा गोळा साधारण १५ ते १८ ग्रॅम भरतो. ४ सेंटीमीटरचा घेतलात तर थेट ४० च्या आसपास, आणि ५ सेंटीमीटरचा ७५-८०. बाजारात या तिन्ही मापांची लिंबं एकाच ढिगात असतात. आणि गोळा गच्च दाबलेला आहे का चिंच नुसती ओढून सैल गोळा केलाय यावर परत फरक पडतो, सैल गोळा तेवढाच दिसतो पण वजन निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतं.

आता तुमची बरणीतली चिंच. आपल्याकडे उन्हाळ्यात चिंच फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे दाबून भरतात, म्हणजे ती गच्चच असते. मध्यम लिंबाएवढा गोळा म्हणजे ४० ग्रॅम, त्यातलं मीठ वजा केलं तरी ३५ धरा. तुमची डाळ अर्धी वाटी, ती ७५-८० ग्रॅम असेल. एवढ्या डाळीचं सांबार साधारण पाऊण लिटर होतं आणि त्याला टोमॅटो अजिबात नसेल तर १५ ग्रॅम चिंच लागते. तुम्ही तर दोन टोमॅटो घातलेत, ते आंबटच, मग चिंच १० ग्रॅमवर यायला हवी होती. म्हणजे लागत होती त्याच्या तिपटीहून जास्त पडली. एवढ्या आंबटाला गूळ घालत बसलात की गोडही वाढत जातं पण आंबट जागचं हलत नाही, ते फक्त झाकलं जातं, आणि मग आंबटगोड आमटीच्या वळणावर जाणारच.

चमचे का नाही लिहिले तेही सांगते. समजा २० ग्रॅम बिनबियांची चिंच पाव कप गरम पाण्यात भिजवली, कुस्करली, पिळली, चोथ्यावर परत दोन चमचे पाणी घालून पिळला, तर दाट असा साधारण पाव कप कोळ मिळतो, म्हणजे ४ टेबलस्पून. यातल्या एका चमच्यात ५ ग्रॅम चिंच आली. तीच २० ग्रॅम चिंच पूर्ण कपभर पाण्यात भिजवून पिळली तर मिळतं ते कपाला थोडं कमी पातळ पाणी, आणि त्यातल्या एका टेबलस्पूनमध्ये दीड ग्रॅमसुद्धा चिंच नसते. मी "४ चमचे कोळ" असं लिहिलं असतं तर एका घरात २० ग्रॅम पडली असती आणि दुसऱ्या घरात जेमतेम ५-६, आणि दोघींनी माझी रेसिपी तंतोतंत पाळलेली असती! पाणी किती घातलं यावर कोळ वाढतो-घटतो, आंबटपणा मात्र चिंचेत असतो तेवढाच राहतो, म्हणून माप चिंचेचं घ्यायचं. सांबाराला तर दाट कोळ लागतही नाही, भाज्या ज्या पाण्यात शिजतात तेच चिंचेचं पाणी असतं, त्यामुळं कपभर केलं काय दीड कप केलं काय, सगळंच पातेल्यात जातं.

हे सगळं बिया काढलेल्या चिंचेचं बोलतेय हं. बाजारातनं चिंचोक्यासकट आणली असेल तर वजनातला तिसरा हिस्सा, कधी त्याहून थोडा जास्तच, नुसत्या चिंचोक्यांचा असतो. तेव्हा २० ग्रॅमच्या जागी ३०-३२ ग्रॅम घ्या.

आता काटा नाही हा तुमचा मुद्दा, तो मला पटतो आणि त्याला उपाय आहे. बिनबियांच्या चिंचेचं २५० ग्रॅमचं पाकीट आणा, त्यातली वडी पाटावर ठेवून सुरीनं बरोबर मधोमध कापा. प्रत्येक अर्ध्याचे परत दोन, त्यांचे परत दोन, आणि अजून एकदा दोन. झाले १६ तुकडे, प्रत्येकी १५ ग्रॅमच्या किंचित वर. डब्यात भरून ठेवा. १०० ग्रॅम तूरडाळीचं, चार माणसांचं, भाताबरोबरचं सांबार असेल आणि त्यात टोमॅटो नसेल तर सव्वा तुकडा. एक टोमॅटो असेल तर एक तुकडा. दोन असतील तर पाऊण. इडलीबरोबरचं सांबार पातळ असतं आणि लोक ते वाटीनं पितात, तिथं टोमॅटो एकच असला तरी पाऊणच घ्या.

आणि चमच्यांनीच मोजायचं असेल तर तेही जमेल, फक्त कोळ दरवेळी वेगळा न करता एकदम करून ठेवायचा. मी असंच करते. २५० ग्रॅम चिंच सुटी करून दोन-अडीच कप कडकडीत पाण्यात अर्धा तास ठेवायची, हातानं कुस्करून मोठ्या गाळणीतनं दाबून गाळायची, चोथ्यावर थोडं थोडं पाणी घालत दोनदा परत पिळायचं, चोथा फिकट आणि नुसता शिरांचा राहिला की थांबायचं. मग महत्त्वाचं काम, सगळा कोळ मापाच्या भांड्यात ओतून वरनं पाणी घालून बरोबर ७५० मिली करायचा. जास्त झाला तर आटवून ७५० वर आणायचा. आता हा तुमचा चमच्याचा हिशोब, १ टेबलस्पून म्हणजे ५ ग्रॅम चिंच, दरवेळी. एक उकळी आणून, गार करून फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेत लावा, पण आधी तुमच्या ट्रेच्या एका खणात किती पाणी मावतं ते चमच्यानं मोजून घ्या, ट्रे लहानमोठे असतात. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई उडालेलं पितळेचं नको, चिंच धातू खाते आणि कोळाला कळकट चव येते.

बाटलीतली काळी पेस्ट वापरणाऱ्यांसाठी एवढंच, ती आटवलेली असते आणि किती आटवलीय ते प्रत्येकीचं वेगळं, त्यामुळं माझं चमच्याचं माप तिला लावू नका. अर्धा छोटा चमचा कपभर पाण्यात कालवून चाखा, आणि घरच्या चिंचेच्या पाण्याशी ताडून बघून काय ते ठरवा.

आता चव केव्हा घ्यायची ते, कारण वजन बरोबर असलं तरी चिंच चिंचेत फरक असतो, कुठल्या झाडाची, यंदाची का मागल्या सालची. चिंचेतलं मुख्य आम्ल म्हणजे टार्टारिक ॲसिड, ते वाफेबरोबर उडत नाही. चिंचेचं पाणी ८-१० मिनिटं उकळतो ते कच्चा वास जायला, आंबटपणा कमी व्हायला नाही. उलट पाणी आटलं की आंबट वाढतं. म्हणून "उकळलं की होईल कमी" अशी वाट बघू नका. मी पिळलेल्या पाण्यातलं पाव भाग बाजूला ठेवते. बाकीच्यात मीठ, हळद, सांबार कांदे, शेंगा, मसाला घालून कच्चा वास जाईपर्यंत उकळते, मग घोटलेली डाळ घालते, आणि डाळ पडून पाच मिनिटं झाल्यावर चव बघते. डाळीनं आंबटपणा बराच खाली येतो, त्यामुळं डाळीआधी ते पाणी जिभेला जरा जास्तच आंबट लागायला हवं. डाळ पडल्यावर कमी वाटलं तर बाजूला ठेवलेलं पाणी घालून परत दोन-तीन मिनिटं उकळायचं. घालणं सोपं आहे, काढता येत नाही.

आणि चिंच कुकरमध्ये डाळीबरोबर कधीच नको. आंबटात डाळ मऊ होत नाही, चार शिट्ट्या जास्त दिल्या तरी दाणा दाणा राहतो आणि सांबार वर पाणी खाली डाळ असं फुटलेलं दिसतं. भाजीचंही तसंच, चिंचेच्या पाण्यात ती हळू शिजते. भोपळ्याला ते बरंच आहे, फोडी गळत नाहीत, पण शेवगा किंवा गाजर आधी साध्या पाण्यात अर्धंमुर्धं शिजवून घ्या, नाहीतर तुम्ही उकळत बसता, पाणी आटतं, आणि परत तेच, आंबट वाढतं.

तुमच्यासारखं झालंच परत, तर गूळ सुपारीएवढा, एकदाच. त्यानंतर मूठभर तूरडाळ वेगळी शिजवून घोटून घाला आणि सोबत गरम पाणी, मग मीठ आणि मसाला त्या मानानं थोडा वाढवा, वरनं ताजी फोडणी. सांबार जास्तीचं होईल पण सांबार राहील. खायचा सोडा टाकून आंबट मारायचा सल्ला देतात काही जण, तो करू नका, चव साबणासारखी होते.

पुढच्या वेळी अर्धी वाटी डाळ आणि दोन टोमॅटो असंच करणार असाल तर वर सांगितलेल्या तुकड्यातला दोन तृतीयांश घ्या, किंवा ७५० मिलीवाल्या कोळाचे दोन टेबलस्पून. बरणीतलीच चिंच वापरणार असाल तर गोळा ३ सेंटीमीटरचा मोजून करा, पट्टी लावून बघा एकदा, त्यातला पाऊण घ्या आणि मीठ शेवटी घाला, कारण त्या चिंचेत ते आधीच आहे.